वाशिमचा तक्ता ताळ्यावर आणताना

वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या, क्षेत्रफळ, घनता आणि दशवार्षिक वाढ हे चार आकडे एका ओळीत देणारा तक्ता शाळेच्या प्रकल्पवहीत असतो, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असतो, संस्थांच्या प्रस्तावांत असतो. २०१८ साली वाशिमचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत झाल्यापासून प्रस्ताव आणि अहवालांची संख्या वाढली आणि तीच ओळ एका कागदावरून दुसऱ्यावर उतरत गेली. ती ओळ बहुधा अशी असते: क्षेत्रफळ ५,१५० चौरस किलोमीटर, लोकसंख्या (२०११) ११,९७,१६०, घनता २४४, वाढ १७.२३ टक्के, आणि शेजारी २००१ ची लोकसंख्या १०,२०,२१६.

हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागले तर २३२ येते, २४४ नव्हे. दोन जनगणनांमधली वाढ काढली तर १७.३४ टक्के येते, १७.२३ नव्हे. एकाच ओळीत दोन विसंगती आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. अशी ओळ हातात आली की पुष्कळ जण सरळ घनता खोडून २३२ लिहितात आणि ओळ जुळली म्हणून पुढे जातात. माझ्या मते ही सर्वांत वाईट दुरुस्ती, कारण जो आकडा बरोबर होता तोच त्यात खोडला जातो.

कोणता आकडा खोडायचा हे ठरवण्याआधी प्रत्येक आकडा कुठून आला ते पाहावे लागते. लोकसंख्या मोजलेली असते. क्षेत्रफळही मोजलेले असते, पण ते दुसऱ्या खात्याने, दुसऱ्या वेळी आणि दुसऱ्या कामासाठी मोजलेले. घनता आणि वाढीचा दर मात्र कुणी मोजत नाही. ते या मोजलेल्या आकड्यांवरून काढलेले असतात. म्हणून काढलेल्या आकड्यावरून उलटा हिशेब केला की तो काढणाऱ्यासमोर कोणते मूळ आकडे होते ते कळते.

घनतेपासून सुरुवात करू. २४४ हा पूर्णांकात दिलेला आकडा आहे, म्हणजे खरी किंमत २४३.५ आणि २४४.५ यांच्या मधली. ११,९७,१६० ला २४४.५ ने भागले तर ४,८९६ येतात आणि २४३.५ ने भागले तर ४,९१७. याचा अर्थ ज्याने २४४ लिहिले त्याच्यासमोर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४,८९६ ते ४,९१७ चौरस किलोमीटरच्या दरम्यान होते. ५,१५० या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर पडते, त्यामुळे पूर्णांकात आणताना झालेला हा फरक नाही. २००१ ची घनता २०८ अशी दिली जाते. तिचाही असाच उलटा हिशेब केला तर ४,८९३ ते ४,९१७ हा पट्टा मिळतो. दोन्ही पट्ट्यांत बसणारे क्षेत्रफळ २०११ च्या जनगणनेत वाशिमपुढे दिलेले आहेच: ४,८९८ चौरस किलोमीटर. त्याने भागले की २०११ साठी २४४ आणि २००१ साठी २०८ नेमके येतात.

म्हणजे त्या तक्त्यातली घनता जनगणनेची आहे आणि क्षेत्रफळ दुसरीकडून आणून तिच्या शेजारी बसवलेले आहे. मग ५,१५० हा आकडा चूक म्हणायचा का? इथे घाई करू नये. हा आकडा अनेक माहितीपत्रकांत आहे आणि तो कुणाच्या हातून चुकून पडला असावा असे वाटत नाही. त्याचा उगम शोधायचा तर नजर जिल्ह्याबाहेर, अकोल्याकडे न्यावी लागते.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे सहा तालुके त्यात आले. आता अकोल्याचे क्षेत्रफळ पाहिले तर तिथेही दोन आकडे भेटतात: जनगणनेतला ५,६७६ आणि इतरत्र आढळणारा ५,४२८. जनगणनेच्या जोडीची बेरीज करा: ५,६७६ आणि ४,८९८ मिळून १०,५७४. दुसऱ्या जोडीची करा: ५,४२८ आणि ५,१५० मिळून १०,५७८. दोन्ही बेरजांत अवघ्या चार चौरस किलोमीटरचा फरक! अविभाजित अकोला जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रफळाबद्दल दोन्ही बाजूंचे जवळजवळ एकमत आहे. फरक आहे तो त्या एकूण क्षेत्रफळाच्या वाटणीत. सुमारे अडीचशे चौरस किलोमीटर एका हिशेबात अकोल्याकडे आहेत आणि दुसऱ्या हिशेबात वाशिमकडे.

हे लक्षात आले की तक्ता कसा दुरुस्त करायचा हेही ठरते. क्षेत्रफळाचे आकडे सुटे उचलायचे नाहीत, जोडीने उचलायचे. अकोल्यासाठी ५,६७६ घेतले तर वाशिमसाठी ४,८९८ च घ्यायचे. अकोल्याचे ५,६७६ आणि वाशिमचे ५,१५० एकाच तक्त्यात आले तर बेरीज १०,८२६ होते, म्हणजे कुठेच नसलेली अडीचशे चौरस किलोमीटर जमीन तक्त्यात तयार होते. अमरावती विभागाची बेरीज वाढते, आणि सगळे जिल्हे मिळून महाराष्ट्राचे जे ३,०७,७१३ चौरस किलोमीटर यायला हवेत तेही येत नाहीत. एका जिल्ह्याची ओळ पाहून ही चूक कधीच दिसणार नाही. ती शेजारच्या जिल्ह्याची ओळ पाहिल्यावरच दिसते, म्हणून १९८० नंतर विभागून झालेल्या कोणत्याही जिल्ह्याचा तक्ता तपासताना ज्यातून तो निघाला त्या जिल्ह्याची ओळ शेजारी ठेवावी.

जनगणनेची घनता द्यायची असेल तर माझा स्पष्ट सल्ला ४,८९८ चा आहे. राज्याची ३६५ ही घनता ज्या क्षेत्रफळावरून काढलेली आहे त्याच मालिकेतला हा आकडा आहे, त्यामुळे वाशिमची तुलना राज्याशी आणि इतर जिल्ह्यांशी करता येते. कामाच्या गरजेने ५,१५० वापरायचेच असेल तर वापरा, पण मग २०११ साठी २३२ आणि २००१ साठी १९८ ही घनता स्वतः काढून लिहा आणि त्याखाली तसे सांगा. २४४ त्याच्या शेजारी ठेवता येणार नाही.

क्षेत्रफळाचे आकडे जुळत नाहीत याचे वाचकाला नवल वाटू शकते, कारण जमीन काही दर दहा वर्षांनी हलत नाही. पण जनगणना कार्यालय जमीन मोजत नाही. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ते भारतीय सर्वेक्षण विभागाकडून घेते, आणि ते नकाशावरच्या सीमेवरून काढलेले असते. गावांचे क्षेत्रफळ महसुली नोंदींतून येते, शेत, गायरान, गावठाण असे गट जोडत. शहरांचे क्षेत्रफळ नगर परिषदांकडून येते. हे वेगवेगळ्या वाटांनी आलेले आकडे तंतोतंत जुळतील अशी अपेक्षा धरू नये. त्यामुळे जनगणना हस्तपुस्तिकेतल्या गावांच्या यादीतले हेक्टर जोडून, शंभराने भागून, जिल्ह्याचे ‘खरे’ क्षेत्रफळ काढायला जाऊ नका. तो हिशेब एखाद्या गावाची किंवा तालुक्याची घनता काढायला चालतो, जिल्ह्याच्या आकड्याला आव्हान द्यायला चालत नाही. तालुक्यांच्या घनता आणि जिल्ह्याची घनता एकाच तक्त्यात द्यायच्या असतील तर तालुक्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज ४,८९८ होते का ते पाहा. होत नसेल तर तक्त्याखाली सांगा, पण फरक सहा तालुक्यांत वाटून टाकू नका.

आता दुसरी विसंगती. ती पहिलीपासून पूर्ण वेगळी आहे, कारण वाढीच्या दरात क्षेत्रफळ येतच नाही. ५,१५० धरले काय किंवा ४,८९८ धरले काय, लोकसंख्येची टक्केवारी बदलत नाही. तेव्हा क्षेत्रफळ दुरुस्त केल्यावर वाढीचा दरही आपोआप सुधारेल अशी आशा ठेवू नये.

हिशेब साधा आहे. ११,९७,१६० मधून १०,२०,२१६ वजा केले की १,७६,९४४ उरतात. त्यांना आधीच्या लोकसंख्येने, म्हणजे १०,२०,२१६ ने भागून शंभराने गुणले की १७.३४ येतात. कुणाच्या तक्त्यात १४.७८ दिसले तर त्याने नंतरच्या लोकसंख्येने भागले आहे हे लगेच ओळखावे. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

१७.३० दिसले तर ती चूक नाही, तो दुसऱ्या टप्प्यावरचा आकडा आहे. २०११ च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे त्याच वर्षी जाहीर झाले आणि त्यांत वाशिमची लोकसंख्या ११,९६,७१४ होती. अंतिम आकड्यांत ती ११,९७,१६० झाली. साडेचारशेच्या आतला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण त्याच्या मागे बरेच हललेले आहे: तात्पुरत्या आकड्यांत पुरुष ६,२१,२२८ आणि स्त्रिया ५,७५,४८६ होत्या, अंतिम आकड्यांत ६,२०,३०२ आणि ५,७६,८५८ झाल्या. म्हणून दर हजार पुरुषांमागे स्त्रिया तात्पुरत्या हिशेबाने ९२६ आणि अंतिम हिशेबाने ९३०. तक्त्यात ९२६ आणि ११,९७,१६० शेजारी शेजारी दिसले तर तो दोन टप्प्यांतून उचलून जोडलेला तक्ता आहे हे समजावे. लोकसंख्या कोणत्या टप्प्यावरची आहे ते ओळखायला स्त्री-पुरुष प्रमाण हा फार चांगला साक्षीदार आहे, कारण लोकसंख्येचा आकडा नव्याने टाकणारे प्रमाणाचा आकडा बदलायला विसरतात.

उरला १७.२३. यालाही उलटे फिरवू. ११,९७,१६० ला १.१७२३ ने भागले की २००१ ची लोकसंख्या सुमारे १०,२१,२०० येते, म्हणजे खऱ्या आकड्यापेक्षा हजाराने जास्त. तात्पुरती लोकसंख्या घेतली तरी आधीचा आकडा १०,२०,८०० च्या पुढे जातो, १०,२०,२१६ वर येत नाही. १०,२०,२१६ ऐवजी १०,२१,२०६ असे टंकले गेले तर दर नेमका १७.२३ येतो, हे मी करून पाहिले आहे. अंकांची अशी अदलाबदल टंकताना सर्रास होते. पण हा संशय झाला, पुरावा नव्हे, आणि संशयावरून कुणाचा उगम ठरवू नये. तुम्हाला तक्त्यात काय लिहायचे ते ठरवायला एवढे पुरे आहे की तुम्ही स्वतः छापत असलेल्या दोन लोकसंख्यांवरून १७.३४ येते. ज्याचा मूळ आकडा तुमच्याच ओळीत नाही असा दर त्या ओळीत ठेवू नये.

घनता आणि वाढ यांचा एकमेकांशीही ताळा पाहता येतो. क्षेत्रफळ तेच राहिले असेल तर घनता ज्या पटीने वाढते त्याच पटीने लोकसंख्या वाढते. २४४ ला २०८ ने भागले की १.१७३ येते, म्हणजे सुमारे १७.३ टक्के. क्षेत्रफळ माहीत नसतानाही हा ताळा करता येतो आणि दोन जनगणनांच्या मध्ये कुणी क्षेत्रफळ बदलले असेल तर तो तत्काळ पकडतो. समजा तक्त्यात २००१ ची घनता १९८ आणि २०११ ची २४४ आहे. मग वाढ २३ टक्क्यांच्या वर निघेल, आणि २००१ ला ५,१५० ने व २०११ ला ४,८९८ ने भागलेले आहे हे उघड होईल. या ताळ्याची मर्यादाही ध्यानात ठेवा. घनता पूर्णांकात असल्यामुळे वाढ १६.८ ते १७.८ च्या मध्ये कुठेही असू शकते, एवढेच तो सांगतो. १७.२३ आणि १७.३४ यांच्यातला निवाडा त्याच्याने होणार नाही.

आणखी मागे, १९९१ कडे गेलात तर सावध व्हा. १९९१ ला वाशिम जिल्हा नव्हता. तरी तक्त्यांत १९९१ पुढे ८ लाख ६२ हजारांच्या आसपासचा आकडा आणि १९९१ ते २००१ ची वाढ सुमारे १८.३ टक्के दिसते, आणि ते योग्यच आहे. जनगणनेच्या ए-२ या तक्तामालिकेत प्रत्येक जिल्ह्याची १९०१ पासूनची लोकसंख्या आजच्या सीमांप्रमाणे पुन्हा मांडून दिलेली असते. १९९१ चा आकडा नेहमी तिथूनच घ्यावा. १९९१ च्या मूळ पुस्तकातून घेतलात तर वाशिमची ओळच सापडणार नाही, आणि अकोल्याची सापडेल ती अविभाजित जिल्ह्याची, २२ लाखांच्या वरची. तिच्याशी २००१ च्या १६,३०,२३९ ची तुलना केली की अकोल्याची लोकसंख्या दहा वर्षांत २६ टक्क्यांनी घटल्याचे दिसते. दुष्काळ, स्थलांतर अशी कारणे देत या घटीवर परिच्छेद लिहायला कुणालाही मोह होईल, आणि घडले असेल एवढेच की मधल्या काळात सहा तालुके वेगळे झाले.

याहून फसवे १९०१ चे आहे, कारण तेव्हा वाशिम नावाचा जिल्हा होता. वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांपैकी तो एक होता आणि इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘बासीम’ असे येते. १९०१ ला त्याची लोकसंख्या ३,५३,४१० होती, दुष्काळामुळे दहा वर्षांत ११ टक्क्यांनी घटलेली, आणि क्षेत्रफळ २,९४९ चौरस मैल. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ यांच्यात वाटला गेला. पुसद यवतमाळकडे गेले ते तेव्हा. २,९४९ चौरस मैल म्हणजे सुमारे ७,६३८ चौरस किलोमीटर. त्या लोकसंख्येला त्या क्षेत्रफळाने भागले तर चौरस किलोमीटरला ४६ माणसे येतात. त्याच लोकसंख्येला आजच्या ४,८९८ ने भागले तर ७२ येतात, आणि मैलांचे रूपांतर न करता भागले तर १२०. तिन्ही आकडे दिसायला पटण्याजोगे आहेत, म्हणूनच ते धोक्याचे आहेत. नाव तेच असले तरी तो मुलूख वेगळा होता, आणि जुन्या जिल्ह्याची ओळ आजच्या जिल्ह्याच्या वर ठेवून सलग मालिका करता येत नाही.

दोन दशकांची वाढ शेजारी आल्यावर वाक्य लिहितानाही जपावे. १८.३ वरून १७.३ वर दर आला, म्हणजे दर सुमारे एका टक्केबिंदूने उतरला. लोकसंख्या उतरली नाही. उलट आधीच्या दशकात सुमारे १ लाख ५८ हजार माणसे वाढली होती, नंतरच्या दशकात १ लाख ७७ हजार. आणि वीस वर्षांची वाढ दोन्ही दर जोडून ३५.६ टक्के होत नाही. ८ लाख ६२ हजारांवरून ११,९७,१६० पर्यंतची वाढ ३८.८ टक्के आहे, कारण दुसऱ्या दशकातली वाढ पहिल्या दशकात वाढलेल्या माणसांवरही होते.

संगणकावर तक्ता करत असाल तर घनता आणि दर हे रकाने हाताने भरू नका. बी रकान्यात २००१ ची लोकसंख्या, सी मध्ये २०११ ची, डी मध्ये क्षेत्रफळ ठेवून पुढचे दोन रकाने सूत्राने काढा:

```
=ROUND((C2-B2)/B2*100,2)
=ROUND(C2/D2,0)
```

छापील किंवा संकेतस्थळावरचा घनतेचा व वाढीचा आकडा असेल तर तो आणखी एका रकान्यात वेगळा ठेवा, सूत्राच्या जागी टाकू नका. दोन्ही शेजारी असले की फरक डोळ्यांसमोर राहतो. देवनागरी अंकांत टंकलेला आकडा अनेकदा मजकूर म्हणून धरला जातो आणि सूत्र चालत नाही, म्हणून हिशेबाच्या पत्रकात इंग्रजी अंक ठेवावेत आणि छपाईच्या वेळी बदलावेत. तक्त्याखाली दोन ओळींची टीप मात्र हवीच: लोकसंख्या अंतिम, जनगणना २०११, क्षेत्रफळ ४,८९८ चौरस किलोमीटर, जनगणनेनुसार, १९९१ चा आकडा आजच्या सीमांप्रमाणे. पुढे कुणी हा तक्ता उचलला तर त्याला उलटा हिशेब करत बसावे लागणार नाही.

यापुढचा प्रश्न आत्ताच डोक्यात ठेवावा. २०२१ ची जनगणना झाली नाही, आणि नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. २००१ आणि २०११ या दोन्हींची संदर्भ तारीखही १ मार्च होती, म्हणून त्यांच्यातले अंतर बरोबर दहा वर्षांचे होते. आता ते सोळा वर्षांचे असेल, आणि ‘दशवार्षिक वाढ’ या मथळ्याच्या रकान्यात सोळा वर्षांची वाढ भरली जाण्याची भीती खरी आहे. केवळ उदाहरणासाठी वाशिमची लोकसंख्या १४ लाख निघाली असे धरू. २०११ पासूनची वाढ १६.९४ टक्के येईल आणि ती १७.३४ च्या शेजारी बसली की वेग जवळपास तसाच राहिला असे वाटेल. पण दहा वर्षांच्या मापाने पाहायचे तर नव्या आणि जुन्या लोकसंख्येच्या गुणोत्तराचा दहा भागिले सोळा, म्हणजे ०.६२५ हा घात घ्यावा लागतो. इथे बी रकान्यात २०११ ची आणि सी मध्ये नवी लोकसंख्या धरली आहे:

```
=ROUND(((C2/B2)^(10/16)-1)*100,2)
```

उत्तर १०.२८ येते. म्हणून २०२७ च्या तक्त्यात लोकसंख्येच्या शेजारी वर्षांच्या अंतराचा एक रकाना आतापासूनच ठेवावा, आणि सोळा वर्षांची वाढ व दहा वर्षांच्या मापातली वाढ वेगवेगळ्या मथळ्यांखाली द्याव्यात. नव्या जनगणनेत वाशिमचे क्षेत्रफळ ४,८९८ पेक्षा वेगळे छापलेले दिसले, तर अकोल्याचा आकडाही तेवढाच उलट्या बाजूला हलला आहे का, ते आधी पाहावे.